अधला

"अधला सगळ्यांच्या वर, आणि दांडगा मधल्याच्या आधी. कुणी लिहिलंय हे, माझ्या गुडघ्यांच्या वैऱ्याने?"

आमच्याकडे माल काढणाऱ्या मावशी हे कुणाला ऐकवत नव्हत्या. कागद नाकाशी धरून स्वतःशीच पुटपुटत होत्या. पण मी त्यांच्या पायाशी बटणांच्या पोत्यावर बसले होते, त्यामुळे त्यांचं बोलणं थेट माझ्या कानात पडलं. लिहिणारी मीच होते. म्हणजे खरं तर मी नाही, कम्प्युटर. पण तो कुठे अंगावर घेतो?

आमच्या घरचा कारखाना शाळेच्या गणवेशांचा. सहा मशिनी, एक कापायचं टेबल, आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एक लांबच लांब मांडणी. बाबांनी मापांना आकडे कधी दिलेच नाहीत. आकडा दिला की पोर घाबरतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमची मापं नावांची, चिमण्यापासून दांडग्यापर्यंत. दाराजवळच्या कप्प्यात सगळ्यांत लहान आणि भिंतीजवळच्या कप्प्यात सगळ्यांत मोठं. कप्प्यांवर चिठ्ठ्या नाहीत. "चिठ्ठ्या कशाला? डोळे दिलेत की देवाने," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

रोज सकाळी बाबा टेबलाच्या टोकाशी उभे राहून त्या दिवशीच्या शाळेचा माल पुकारायचे. कोणता किती, सगळं तोंडपाठ, आणि तेही कप्प्यांच्या क्रमाने. मावशी दारापासून निघायच्या, हातावर सदरे रचत रचत भिंतीपर्यंत पोचायच्या, की गठ्ठा तयार. एका फेरीत एक शाळा. लहानपणी मला तो पुकारा गाण्यासारखा वाटायचा. अंथरुणात पडल्या पडल्या मी ओठांनी त्याच्या पुढे धावायची, आणि बाबा पुढचं नाव घ्यायच्या आत मी ते घेतलं की त्या दिवशी शाळेत मला काहीही येणार, अशी माझी खात्री असायची.

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी बाबा "छोटा बावीस" म्हणाले आणि थांबले. मावशी हात पुढे करून उभ्या. मशिनी एकेक करून बंद झाल्या. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "आज घसा बसलाय. तू पुकार रे."

दादाने पुकारलं. दुसऱ्या दिवसापासून मावशींना छापील यादी द्यायची, असं दादाने ठरवलं. "बाबांना दमायला होतं," एवढंच तो म्हणाला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. घशासाठी आईने आठवडाभर काढा दिला. बाबांनीही तो निमूटपणे प्यायला.

यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण कम्प्युटर मला येतो असा घरात समज आहे. कुठली बटणं दाबून काय होतं हे मी चुकत चुकत शिकले आहे, आणि चुका अजून संपलेल्या नाहीत. मापांचा रकाना निवडून मी क्रमाने लावायला सांगितलं, तर त्याने ती शब्दकोशासारखी अक्षरांच्या क्रमाने लावली. अ आधी म्हणून अधला पहिला. मग चिमणा, छोटा, थोरला, दांडगा, मधला, मोठा. त्याच्या हिशेबाने बरोबरच. पण ते माप आहे हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? मावशी दाराकडून भिंतीकडे, भिंतीकडून मध्यावर, अशा येरझाऱ्या घालत होत्या आणि मला बटणांच्या पोत्यावर दडून बसायची वेळ आली होती.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर मला एक सापडलं. आपला क्रम आपण त्याला शिकवू शकतो. एकदा ओळीने नावं लिहून ठेवायची, आणि लावताना सांगायचं, अक्षरं सोड, या यादीप्रमाणे चल. मग तो जन्मभर तसाच लावतो.

"मग शिकव की," दादा म्हणाला.

"नावं बाबा सांगतील."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "तुला पाठ नाहीत?"

"आहेत. पण क्रम त्यांचा आहे."

खरं सांगायचं तर मला पुकारा परत ऐकायचा होता. सगळा नीट झाला असता, तर ती सकाळ खरंच घशाची होती असं मला मानता आलं असतं. टेबलाचं टोक बाबांना परत मिळालं असतं.

बाबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. खूश होते. "आता यंत्रालासुद्धा शिकवायचं का आम्हीच? लिही. चिमणा."

लिहिलं.

"छोटा." थोडं थांबले. "मधला. मोठा. थोरला. दांडगा. झालं."

माझी बोटं मधल्याच्या आधीच अडखळली होती. मावशी मागे सदऱ्यांच्या घड्या घालत होत्या, त्यांचा हात थांबला. दादाने कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. सहा नावं. मी तेवढीच ठेवली.

अधला हे माप माझं. सात वर्षांची असताना मला छोटा खांद्यात रुतायचा आणि मधला गुडघ्यांपर्यंत यायचा. आई म्हणाली, मधला घाल, वाढशील. मी रडून घर डोक्यावर घेतलं. त्या रविवारी बाबांनी पुठ्ठ्यावर नवा साचा आखला, कापला, आणि माझ्या पाठीला लावून पाहिला. पुठ्ठा गार लागला होता. "ही ना छोटी ना मधली," ते म्हणाले, "ही अधली." पुढे कळलं, अर्धा वर्ग अधल्याच मापाचा होता. ते माप आमच्याकडे सगळ्यांत जास्त खपलं. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या पोरीने रडून काढलेलं माप आहे हे."

"लाव बघू आता," बाबा म्हणाले.

मी लावलं आणि कागद छापला. बाबांनी तो माझ्या हातात येऊ न देता स्वतःच ओढून घेतला आणि बोट फिरवत खाली गेले. चिमणा, छोटा, मधला, मोठा, थोरला, दांडगा. सगळे शहाण्यासारखे रांगेत. आणि सगळ्यांत खाली, दांडग्याच्याही पलीकडे, अधला. अडतीस.

बोट तिथेच राहिलं.

"हा इथे कसा?"

"कम्प्युटरचं काहीतरी बिनसलं असेल," दादा घाईने म्हणाला.

"जुना झालाय," मी म्हटलं.

"मी जाईन की भिंतीपासून परत," मावशी म्हणाल्या. गुडघेदुखी त्या जणू विसरूनच गेल्या होत्या. "एका मापाचं काय एवढं?"

बाबांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. उसवलेली शिवण उजेडात धरून ते असंच बघतात. मग मला विचारलं, "जे नाव तुझ्या यादीत नसेल, त्याचं हा काय करतो?"

खोटं तोंडावर आलं होतं. पण ते स्वतःबद्दल नव्हे, कामाबद्दल विचारत होते, आणि कामाबद्दल आमच्या घरात खोटं बोलत नाहीत.

"शेवटी टाकतो," मी म्हटलं.

"म्हणजे मी सांगितला नाही."

बाबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. कागद माझ्यासमोर ठेवला आणि छोट्याच्या खालच्या रेघेवर बोट टेकवलं.

"इथे घाल त्याला. आणि साचे, कॉलरी, शिवणीची मापं, जे जे माझ्याकडे आहे ते आजपासून विचारून लिहून घ्या. घसाबिसा काही नाही रे पोरांनो. मी विसरत चाललोय."