एकशे बावीस टक्के रान

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या ऑफिसात शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे आणि मी ते लपवतही नाही. राग आला की आधी कानडीत येतो, मग मराठीत उतरतो. माहेर अक्कलकोटचं, त्याला मी काय करू? सोनाली मुलाखतीला आली तेव्हा बाहेरच्या पोरांनी तिला सांगून ठेवलं होतं, की सिद्धेश्वरी मॅडम चावत नाहीत, पण भुंकतात. हे तिनेच मला पुढे सांगितलं, तेही हसत हसत. त्या दिवसापासून ती मला आवडली.

आमची संस्था सोलापुरात पाणलोटाचं काम करते. ओढ्यात बांध घालायचे, पाणी अडवायचं, आणि हे सगळं कुठे करायचं ते नकाशावर ठरवायचं. तो नकाशाचा विभाग माझ्याकडे. सोनाली सांगोला तालुक्यातल्या धनगराची मुलगी, त्यांच्या वाड्यावरची, म्हणजे धनगरवस्तीवरची, पहिली एम.एस्सी. तिचे वडील बिरप्पा आणि आई गोजाबाई मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडायचे ते पाऊस लागेपर्यंत परत यायचे नाहीत. भीमेच्या काठाने, कधी पार कर्नाटकात. ही वसतिगृहात वाढली. आईबाप तिला भेटायचे ते पावसाळ्यात, कारण गावामागच्या माळावर तेव्हा गवत असायचं. तिच्या लेखी घर म्हणजे पावसाळा.

यंदा जिल्ह्यात वृक्षलागवडीची मोठी योजना आली. नियम सरळ होता. ज्या पाणलोटात झाडांचं आच्छादन दहा टक्क्यांच्या खाली, तिथे माळावर खड्डे काढायचे, रोपं लावायची आणि पाच वर्षं चराई बंद. दहाच्या वर असेल तिथे कुणी हात लावायचा नाही. टक्के काढून द्यायचं काम आमच्याकडे आलं आणि मी ते सोनालीला दिलं. तिच्या गावाचं पाणलोट त्यात आहे हे मला माहीत होतं. तिनेच आधी सांगितलं होतं आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर द्या म्हणाली होती. मी म्हटलं, उपग्रहाला तुझं गाव कुठलं ते कळत नाही, कर मुकाट्याने.

तिच्या गावाच्या पाणलोटाला अकरा पूर्णांक एक टक्के आले. माळ वाचला.

त्या आठवड्यात बिरप्पा मेंढरांचं औषध न्यायला सोलापुरात आले होते, तेव्हा जिना चढून वर आले. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, आणि आमच्या गुळगुळीत फरशीवर पाय ठेवू की नको असा चेहरा. सोनालीने त्यांना खुर्चीवर बसवून पडद्यावर माळ दाखवला. त्यांनी ओढा ओळखला, बिरोबाचं देऊळ ओळखलं, आणि मग बोट काचेवर तसंच ठेवून बराच वेळ बसले. बोटाचा डाग पडेल म्हणून एरवी मी ओरडले असते. जाताना मला म्हणाले, "मॅडम, पोरीच्या आयेचं गुडघं गेल्यात. माळ ऱ्हायला म्हंजी चार म्हैनं तरी ती घरात बसल. लई बरं झालं बगा." आकड्याशी आमचा काही संबंध नाही, तो आला तसा आम्ही दिला, असं मी त्यांना सांगितलं. पण मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आमचा अहवाल जिल्ह्याच्या समितीकडे गेला, मान्यही झाला. सोनालीला मी पुढचं काम दिलं. आता छोटं पाणलोट नाही, अख्खं भीमेचं खोरं, सह्याद्रीच्या डोंगरांपासून पार खाली कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत. तिला बजावलं की इथे सरळ सरासरी चालणार नाही. झाडांचा तो उपग्रहावरून केलेला नकाशा अक्षांश-रेखांशांच्या जाळीवर बेतलेला असतो. त्यातली प्रत्येक घरटी, म्हणजे जाळीतला एकेक चौकोन, अंशांत सारखी, पण जमिनीवर सारखी नसते. उत्तरेकडे जाऊ तशा रेखांशाच्या रेघा एकमेकींजवळ सरकतात आणि घरटी अरुंद होत जाते. वरच्या डोंगरातली, दाट झाडांची घरटी खालच्या उघड्या माळावरल्या घरटीपेक्षा जरा लहान. दोघींना सारखं धरलं तर झाडांचा टक्का थोडा वाढतो. म्हणून प्रत्येक ओळीच्या घरटीचं खरं क्षेत्रफळ काढायचं, प्रत्येक घरटीतल्या झाडांच्या टक्क्याला त्याने गुणायचं, सगळी बेरीज करायची आणि एकूण क्षेत्रफळाने भागायचं. मी हे सगळं समजावलं आणि जेवायला गेले.

परत आले तर सोनालीचा डबा उघडा होता आणि भाकरीला हात लागलेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, भूक नाही. संध्याकाळपर्यंत ती तशीच. मग पोरं घरी गेल्यावर माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, माझं चुकलंय."

तिने क्षेत्रफळांचा नवा हिशेब नीट चालतो का हे बघायला तो आधी एका लहान पाणलोटावर चालवला होता. हाताशी होतं ते स्वतःच्या गावाचंच. सगळ्या घरट्यांच्या खऱ्या क्षेत्रफळांची बेरीज अठराशे चाळीस हेक्टर आली, मोजणीच्या कागदावर होती अगदी तेवढीच. तिला आनंद झाला. मग सहज म्हणून तिने आपली जुनी पद्धत त्याच्याशेजारी मांडली.

त्या नकाशाला सगळे बोलताना तीस मीटरचा नकाशा म्हणतात. सोनालीने तेच धरलं होतं. तीस गुणिले तीस, एका घरटीचे नऊशे चौरस मीटर. झाडांचे हेक्टर तिने या नऊशेने काढले आणि भागलं मात्र मोजणीच्या खऱ्या हेक्टरांनी. पण त्या जाळीची घरटी आपल्या सांगोल्याच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण साधारण पावणेअठ्ठावीस मीटर आणि पूर्व-पश्चिम साडेसव्वीस मीटर भरते. म्हणजे सातशे पस्तीस चौरस मीटर. भागाकारातली वरची बाजू फुगली, खालची तशीच राहिली.

"सगळ्या पाणलोटात झाडंच झाडं असती ना मॅडम, तर माझ्या हिशेबाने एकशे बावीस टक्के आली असती," ती म्हणाली. "शंभराच्या वर जाणारं रान काढलं मी."

मी खुर्ची ओढून स्वतः तपासलं. इतक्या लहान पाणलोटात वरच्या आणि खालच्या ओळीत फरक जवळपास नसतोच, त्यामुळे घरट्यांच्या टक्क्यांची नुसती सरासरी घेतली असती तरी बरोबर उत्तर आलं असतं. ती घेतली, नऊ पूर्णांक एक. क्षेत्रफळांनी तोलून घेतली, पुन्हा नऊ पूर्णांक एक. यादीतल्या बाकीच्या पाणलोटांचे आकडेही खाली आले, पण दहाच्या ज्या बाजूला होती त्याच बाजूला राहिली. रेषा ओलांडून खाली घसरलं ते एकच. तिच्या गावाचं.

मी चिडले, पण तिच्यावर नाही. मला त्या माळावर खड्डे काढायची कल्पनाच पहिल्यापासून पटली नव्हती. गवताळ माळ म्हणजे मोकळी पडलेली जमीन, असं समजणाऱ्यांचं मला डोकंच कळत नाही. तिथे मेंढरं जगतात, तितर, लांडगे जगतात, आणि रोपं बहुतेक मरतात. मनात आलं, चुकीचा आकडा बरोबर काम करतोय, तर करू दे. समितीत कुणी परत मोजणार नव्हतं. मी तिला तसं बोलूनही दाखवलं, आडवळणाने, पण तिला कळेल इतपत.

सोनालीने मान हलवली. "माळ वाचवायचा असंल तर माळ हाय म्हणून वाचवा, मॅडम. माझं चुकलं म्हणून नगं." एवढ्या दिवसांत ती माझ्याशी गावच्या बोलीत पहिल्यांदाच बोलली. मग डोळे पुसून परत ऑफिसातल्या मराठीत आली आणि म्हणाली, दुरुस्तीचं पत्र उद्या जाऊ दे, पण त्याआधी आप्पांना, म्हणजे बिरप्पांना, मला सांगू द्या. फोनवर नाही.

सकाळी मी तिला संस्थेच्या जीपमधून घेऊन गेले. वाटेत मीच एकटी बडबडत होते. माळाच्या वेगळ्या टिपणाबद्दल सांगत होते, की दुरुस्तीसोबत मी ते जोडणार, कुरण म्हणजे काय ते समितीला खडसावून सांगणार, यंदा नाही ऐकलं तर पुढल्या वर्षी परत सांगणार. ती हो हो म्हणत होती.

बिरप्पा माळाच्या उतारावर होते. पाऊस होऊन गेला होता, गवत घोट्याएवढं आलं होतं, आणि मेंढरं त्यात तोंड खुपसून चरत होती. गोजाबाई दगडावर पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्याला रुईची पानं बांधून. मला बघून उठायला लागल्या, तर मी त्यांना दटावून खाली बसवलं.

सोनालीने उभ्या उभ्याच सांगितलं. चौकोन जेवढा धरला तेवढा तो नव्हता. झाडं जास्त दिसली. समितीला आज पत्र जाईल, आणि माळ बंद होईल. आवाज मध्येच फाटला, तरी शेवटापर्यंत बोलली.

बिरप्पा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. "धा पायजे हुतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आन हाय किती?"

"नऊ आन वर इतकुसं."

त्यांनी माळाकडे बघितलं. झाडं मोजत असावेत असं मला वाटलं, पण ते गोजाबाईंकडे बघत होते. मग कुणाला कळलं का, असं त्यांनी विचारलं. सोनाली म्हणाली, न्हाय, मला एकटीलाच घावलं. मॅडमना मीच सांगितलं.

गोजाबाईंनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं त्या रडतील, किंवा मला बोलतील, आणि बोलल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी लेकीचा हात धरून तिला खाली आपल्या शेजारी ओढलं, बस म्हणाल्या, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वाळलीस लई. जेवत न्हाईस तितं?"  राग करायला कुणी सापडेना, म्हणून मी जीपच्या ड्रायव्हरला उगाच हाक मारून पाणी आणायला पाठवलं.

 एक मेंढी कळपातून बाजूला निघाली, तिला बिरप्पांनी तोंडाने आवाज करून वळवलं. मग सोनालीजवळ येऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, तुझ्या त्या कापुटरात आसपासची सगळी रानं दिसत्यात न्हवं? तिने फोन काढला. ओढ्यापलीकडचं पाणलोट तिने त्यांना दाखवलं. आधी सोळा टक्के आले होते, आता तेरा, म्हणजे तिथे कुणी हात लावणार नाही. लांब पडतं, रोज जाऊन येण्यासारखं नाही, पण पावसाळाभर मेंढरांसह मुक्कामाला वाडा टाकता येईल. शनिवारी एस.टी.ने मी तिकडं यीन, ती म्हणाली. आयेला घरी ऱ्हाऊ द्या, भाकरी मी थापीन.

बिरप्पांनी फोन डोळ्यांपाशी धरला, मग लांब धरला. चेहरा अगदी गंभीर.

"तितलं तरी नीट मोजलंस न्हवं?"

सोनालीने त्यांच्याकडे बघितलं. मग रडता रडता हसायला लागली, आणि तेही.

"व्हय आप्पा," ती म्हणाली. "दोनदा मोजलंय."