सुरू-बंदचा हक्क

चौलच्या वाडीतल्या त्यांच्या गच्चीवर सोलर बसला आणि मृणालला फोनमध्ये नवं खेळणं मिळालं. शाळेच्या मधल्या सुट्टीत मुली रील बघायच्या. ही ॲपवरचा हिरवा आलेख बघायची. "ढग आला बघ आमच्या घरावर!" असं ती वर्गात बसून सांगायची आणि मैत्रिणी कपाळावर हात मारायच्या. अकरावीतल्या मुलीला आपल्या छपराचा एवढा गर्व असलेला कुणी पाहिला नव्हता.

सोलर बसवला तो गोदूकाकीच्या मुलाने, कुलदीपने. वाडीपलीकडेच त्यांचं घर. शेवटच्या दिवशी त्याने पप्पांच्या फोनवर ॲप टाकलं, मृणालच्या फोनवरही टाकलं आणि म्हणाला, "अजेयकाका, बघायचं सगळं बघा. किती वीज झाली, कुठं फॉल्ट आला. सेटिंगना मात्र कुलूप ठेवतो."

"का रे? गाडी आमची आणि चावी तुझ्याकडं?" पप्पा हायस्कुलात गणित शिकवतात, कुणी नाही म्हटलं की त्यांना कारण लागतं.

"लाईनच्या व्होल्टेजच्या मर्यादा न्हाय देणार म्हंजे न्हाय. त्या हलवल्या तर शेजाऱ्यांचे टीव्ही-फ्रीज जातील. लाईनची वीज गेली की आपली इन्व्हर्टरची मशीन बंद पडते ना, त्याचं सेटिंग तर बिलकूल न्हाय. दुरुस्तीला खांबावर माणूस चढलेला असतो."

"ते ठेव तुझ्याकडं. पण सुरू-बंद तरी दे! आम्ही बाहेरगावी असलो तर?"

"बाहेरगावाहून तर न्हायच द्यायचं असतं, काका. इथं कोण उभं हाय ते तिथून दिसत न्हाय."

पण पप्पांनी हट्ट सोडला नाही. त्यात मृणालही बाजूने नाचत होती, "दादा, मी मॅनेजर! मी सांभाळीन!" कुलदीप हसला. गिऱ्हाईक, त्यात शेजारी, त्यात त्याला दहावीला गणित शिकवलेला मास्तर. त्याने सुरू-बंदचा हक्क दोघांनाही देऊन टाकला.

पावसाळा सरल्यावर एका संकष्टीला पप्पा, आई आणि मृणाल पालीला गेले. बापू, म्हणजे आजोबा, घरीच थांबले. वाडीतले नारळ सोलायचे होते. बल्लाळेश्वराचं दर्शन झालं आणि गडाच्या पायथ्याशी एका खानावळीत तिघं टेकले. आई साबुदाणा वड्यावर दही घेत होती. मृणालने सवयीने फोन काढला.

"पप्पा, शून्य!"

"काय शून्य?"

"वीज. भर दुपारी शून्य. सकाळपासून मस्त चालू होतं, आत्ताच पडलंय."

पप्पांनी चष्मा वर केला. "फॉल्ट?"

"फॉल्ट नाहीये. आदेशाने बंद केलंय असं दाखवतंय." तिने परत वाचलं. "कुणीतरी केलंय म्हणजे."

"कोण करणार? तुझ्या खिशातला फोन दाबला गेला असेल. देवळात काय कमी गर्दी होती!"

मृणालला ते पटलं नाही. फोन तर पिशवीत होता, कुलूपबंद. पण पप्पा हसत होते, आई म्हणत होती "झाली का मॅनेजरीण जागी?" आणि शेजारच्या टेबलावरचा माणूसही बघत होता. बाहेरगावी बसून घर चालू करून दाखवायचं, याचीच तर ती कधीपासून वाट बघत होती.

"कुलदीपदादाला विचारू का आधी?"

"अगं, एवढ्याशासाठी? दाब."

तिने दाबलं. ॲपने विचारलं, खरंच सुरू करायचं? तिने हो म्हटलं. बंदची पाटी गेली आणि तिथे तपासणीची आली. आधी मशीन लाईन नीट आहे का ते मिनिटभर बघते, मग वीज सोडते. हे कुलदीपनेच शिकवलं होतं. मृणाल वडा तोडणार तेवढ्यात फोन वाजला. बापू.

"मृणाल, चहाची साखर कुठं ठेवलीये गं तुझ्या आईनं? कुलदीप आलाय. मगाशीच सांगायचं होतं तुम्हाला, फोन करा म्हणाला होता तो, मी आपला नारळात गुंतलो. वर गच्चीवर कायतरी काढतोय."

"वर आहे? बापू, काय काढतोय?"

"वायरीचा गंजका सांधा बदलायचाय म्हणे. खाऱ्या हवेनं वीज तोडायचा खटका पण जाम झालाय, फिरत न्हाय. म्हणून फोनवरनं मशीन बंद केलीन त्यानं."

मृणालने वडा तसाच टाकला. उन्हात पॅनेलची वायर जिवंतच असते. मशीन थांबलेली असली की तिच्यातून प्रवाह वाहत नाही, म्हणून सांधा सोडवता येतो. चालू मशीनवर सोडवला तर दोन टोकांमध्ये आग उभी राहते. आणि मशीन असते खाली जिन्यात. वर बसलेल्याला ती सुरू झालेली कळतही नाही.

"बापू, ओरडा! त्याला सांगा हात काढ! आत्ता!"

"काय गं? थांब, नीट ऐकू येत न्हाय..."

"हात काढ म्हणावं!"

बापूंच्या चपला जिन्यावर फटफटताना ऐकू आल्या. ऐंशीला टेकलेला माणूस, सवयीने कठड्याला धरत चढणारा. मृणालने बोलणं चालू ठेवूनच ॲप उघडलं, बंद दाबलं. स्क्रीनवर लोडिंगची चकली फिरत राहिली. गडाखाली रेंजच ती, येते नि जाते. ती रस्त्यावर धावली, फोन डोक्यावर धरला, पुन्हा दाबलं. चकली. मग पाटी बदलली. तिला वाटलं, झालं बंद. पण तिथे शून्याच्या जागी आकडा आला, आणि तो वाढत होता.

मग फोनमधून आधी कडकड ऐकू आली. ओली लाकडं फुटावीत तशी. मग कुलदीपचा आवाज, आणि तो आवाज त्याचा आहे हे तिला ओळखूच आलं नाही.

आकडा पुन्हा शून्यावर गेला. आदेशाने बंद. तिचा आदेश पोचला होता.

पप्पांनी गाडी थेट अलिबागला नेली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात गोदूकाकी जमिनीवरच बसली होती. बापू भिंतीला टेकून उभे. त्यांच्या धोतरावर काळे डाग होते. उजवा पंजा भाजलाय, दोन बोटं राहतील असं वाटत नाही, झटक्याने मागे पडला तेव्हा डोकं कठड्यावर आपटलंय, आत ऑपरेशनला नेलंय. एवढंच कळलं.

"काकी, मी..." पप्पांनी सुरुवात केली.

"मी चालू केलं, काकी," मृणाल म्हणाली. "पालीहून. तो वर असेल हे मला कळायला हवं होतं. कुणीतरी बंद केलंय हे दिसत होतं मला."

गोदूकाकीने तिच्याकडे बघितलं. शिवी नाही, हात उगारणं नाही. "तो म्हणायचा, पोर हुशार हाय," एवढंच ती म्हणाली आणि पदर तोंडात धरला.

पप्पा खाली बसले. त्यांनी खिशातून फोन काढून मृणालपुढे केला. "काढून टाक. माझ्याकडचं, तुझ्याकडचं, दोन्ही. नुसतं बघायचं ठेव. किंवा तेही नको."

तिने सेटिंग उघडलं, सुरू-बंदच्या हक्कावरची खूण काढली. ॲपने सांगितलं, विनंती पाठवली आहे. बसवणाऱ्याने मंजूर केल्यावर बदल होईल.

गोदूकाकीच्या पिशवीत काहीतरी टुणकन वाजलं. तिने कुलदीपचा फोन बाहेर काढला. काचेवर काजळी होती.

"काय आलंय बघ गं," ती म्हणाली. "मला उघडत न्हाय. त्याच्या उजव्या अंगठ्यानं उघडतो तो."

मृणालने फोन हातात घेतला आणि बंद दरवाजाकडे बघत राहिली.