अठ्ठावीस तासांचा दिवस

काम आलं तेव्हा ते साधंच दिसत होतं. नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर एका डॉक्टरीणबाईंनी पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेला सेहेचाळीस पानांचा इंग्रजी शोधनिबंध बंगालीत करायचा होता. बंगाली बोलणाऱ्या वस्त्यांतल्या दवाखान्यांत परिचारिकांना तो वाटला जाणार होता. अडचण एवढीच की निबंधाची मूळ फाइल कुणाकडेच उरली नव्हती. कुणीतरी वैद्यकीय मासिकाच्या जुन्या अंकाची पानं वाकडीतिकडी स्कॅन केली होती आणि यंत्राने त्या चित्रांतून अक्षरं वाचून काढली होती.

अनुवादिकेने ती वाचून काढलेली अक्षरं उघडली आणि कपाळाला हात लावला. दशांशचिन्हं पार गायब. शून्य पॉइंट पाचचे 'शून्य पाच' झाले होते. दहाचा चौथा घात सरळ एकशे चार होऊन बसला होता. 'बारा बाळं' या आकड्याला चिकटलेला तळटीपेचा तीन त्यातच मिसळून बाळं एकशे तेवीस झाली होती. आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम झाले होते. एका अक्षराच्या चुकीने औषध हजारपट!

"साहेब, आधी हे साफ करावं लागेल," ती प्रकाशनसंस्थेच्या व्यवस्थापकांना म्हणाली. "चार दिवस लागतील. मग अनुवाद."

"चार दिवस? अहो, यंत्र नव्याण्णव टक्के अचूक आहे."

"एका पानावर अडीच हजार अक्षरं आहेत. शंभरात एक चुकलं तर पानाला पंचवीस चुका. त्यातली कुठली चूक बाळाच्या अंगात जाईल ते यंत्र सांगतं का?"

साहेबांनी चष्मा पुसला. मग चार दिवस दिले.

ती बसली. पडद्याच्या डाव्या बाजूला स्कॅनचं चित्र, उजव्या बाजूला अक्षरं, ओळ ओळ. जे डोळ्यांना दिसत होतं ते तिने दुरुस्त केलं. जे दिसत नव्हतं त्याचा अंदाज मात्र केला नाही. अशा अकरा जागांची यादी तिने थेट डॉक्टरीणबाईंना पाठवली, आणि बाईंनी वाचनालयातून मूळ अंक काढून त्या पानांचे फोटो पाठवले. पाचव्या दिवशी ती अनुवादाला लागली. तिचं सासर बंगाली बोलणारं, आणि सासूबाई तीस वर्षं प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. एखादा शब्द अडला की फोन जायचा आणि पलीकडून शब्दाबरोबर दोन शिव्याही मिळायच्या. "असं कोण बोलतं गं वॉर्डात? सरळ लिही!"

अनुवाद झाला. तिने प्रत्येक आकडा स्कॅनशी जुळवला, बरोबर असेल त्यापुढे प्रिंटवर पेन्सिलीने खूण केली आणि फाइल व प्रिंट छपाईसाठी पानं लावणाऱ्या काकांकडे दिली. छापून येण्याआधी लावलेली पानं पुन्हा तपासायला तिच्याकडे यायची होती.

पानं आली ती शनिवारी संध्याकाळी, सोबत एक कागद घेऊन. 'सर्व आकडे तपासले आहेत', असं त्यावर छापलेलं होतं आणि खाली तिच्या सहीची जागा. सोमवारी सकाळी छपाई.

"नुसती सही करा," साहेब म्हणाले. "तुम्ही एकदा तपासलंच आहे ना?"

"मी माझी फाइल तपासली होती. ही पानं नाहीत."

"तेच आहे हो सगळं!"

सही न करताच ती पानं घरी घेऊन गेली. रविवारी सकाळी खिडकीपाशी टेबल ओढून सासू-सून दोघी बसल्या. सासूबाई बंगाली पानावरचा आकडा मोठ्याने वाचायच्या, सून स्कॅनवर बोट ठेवून जुळवायची. मजकूर बिनचूक निघाला. मग तक्ते आले.

"दर किलो वजनाला आठ मिलिग्रॅम," सासूबाईंनी वाचलं.

"चार," सून म्हणाली.

"इथे आठ आहे. आणि पुढे दोन किलोच्या बाळाला एकूण आठच. किलोला आठ तर दोन किलोला सोळा नकोत?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "थांब, पुढचं ऐक. दर अठ्ठावीस तासांनी एकदा. अगं, अठ्ठावीस तासांचा दिवस कुठल्या देशात असतो?"

सुनेला हसू आलं नाही. सासूबाईंनाही नाही.

"हे औषध दुप्पट गेलं तर बाळांचे कान जातात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मूत्रपिंडंही. असं एक मूल मी पाहिलंय. टाळ्या वाजवल्या तरी वळून बघत नव्हतं."

मग दोघींनी सगळेच तक्ते तपासले. जिथे जिथे चार होता तिथे आठ, जिथे सात होता तिथे नऊ. एकसष्ट चुका निघाल्या.

सोमवारी ऑफिस उघडलं तेव्हा ती जिन्यात उभी होती. आधी काकांकडे गेली. काका पंचेचाळीस वर्षं पानं लावत आलेले, भला माणूस, पण बंगालीचं अक्षरही न येणारा. त्यांनी लगेच कबूल केलं. तक्ते त्यांच्या यंत्रावर उतरेनात, अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येत होते, म्हणून त्यांनी प्रिंट समोर ठेवून तक्ते पुन्हा टाइप केले. अनोळखी आकड्यांच्या कळा कळफलकाच्या छापील नकाशावरून शोधल्या, ओळखीचे वाटले त्यांची कळ सरळ दाबली. आणि बंगाली चार हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसतो, सात नवासारखा! आठाची कळ दाबली की पानावर बंगाली आठ.

"मी साहेबांना म्हटलं होतं, ताई," काका रडवेले झाले. "म्हटलं, हे कुणीतरी बंगाली येणाऱ्याने बघायला हवं. ते म्हणाले, तपासलेलंच आहे, उगाच काथ्याकूट नको."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांवर नाही. ती तडक केबिनमध्ये शिरली.

"छपाई थांबवा."

"अशी कशी थांबवू? तारीख दिली आहे. पुढच्या आवृत्तीत शुद्धिपत्र जोडू."

"शुद्धिपत्र बाळ वाचणार आहे का? माझ्या नावाने सही मागत होतात ना तुम्ही? खोटी सही! उद्या एखादी परिचारिका हा तक्ता भिंतीवर लावेल आणि त्यावर विश्वास ठेवेल. तिची काय चूक?"

"आवाज खाली करा."

"नाही करणार. आणि डॉक्टरीणबाईंना मी सकाळीच पानं पाठवली आहेत, एकसष्ट चुकांच्या यादीसह."

साहेबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडचा बाईंचा आवाज इतका चढलेला होता की दारात उभ्या काकांनाही ऐकू येत होता. छपाई थांबली. पण फोनवर साहेब काय म्हणाले? "हो मॅडम, आमच्या काटेकोर तपासणीतच हे सापडलं." आमच्या! अनुवादिकेने ओठ आवळले. श्रेय खुशाल घ्या म्हणावं, पण न तपासता 'तपासलं' म्हणायची ही सवय?

तक्ते काकांनी नव्याने लावले. या वेळी तक्त्यांसाठी बंगाली फाँट बसवून, तिच्या फाइलमधले आकडे जसेच्या तसे उचलून, एकही न टाइप करता. दुपारी नवी पानं आली. तिने ती घेतली, केबिनमध्ये जाऊन साहेबांसमोरची खुर्ची ओढली आणि मूळ स्कॅन त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"आता तुम्ही वाचा. मी बंगालीशी जुळवते. तुमचीही सही हवी आहे या कागदावर."

"मला वेळ नाही हो."

"मलाही नव्हता."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. काका दारातून हलले नव्हते. शेवटी त्यांनी पहिला तक्ता जवळ ओढला आणि नाराजीच्या सुरात वाचायला लागले. तीन तास चाललं ते. एकतिसाव्या पानावर ते अडखळले, कागद डोळ्यांजवळ नेला, दिव्याखाली तिरका धरला.

"हे तीन आहे की आठ?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पाठवलेला मूळ अंकाचा फोटो तिने त्यांच्यासमोर सरकवला आणि म्हणाली, "तुम्हीच बघून सांगा."