भट्टीवर नाही

माझे फुटबॉलचे बूट भट्टीवर ठेवायचे नाहीत, हे मी घरात इतक्यांदा सांगितलं आहे की भिंतींनाही पाठ झालं असेल. तरी शनिवारी दुपारी नवरा बेकरीच्या मागच्या खोलीत माझे बूट हातात धरून उभा होता आणि भट्टीवरच्या फळीकडे बघत होता.

"ठेवा खाली," मी म्हटलं.

"अगं, दोन तासांत खडखडीत वाळतील. उद्या नऊला फायनल आहे ना तुझी?"

"म्हणूनच म्हणते, ठेवा खाली."

आमच्या घरात काहीही ओलं झालं की त्या फळीवर जातं. ॲप्रन, मोजे, सासूबाईंची शाल. गेल्या वर्षी फायनलच्या आदल्या दिवशी माझे बूटही गेले. चांगल्या मनाने ठेवले होते यांनी, मी नाही म्हणत नाही. पण सकाळी बघते तर चामडं आक्रसलेलं, टोकं वर वळलेली, आणि गोंद सुटून एका बुटाचा तळ जबडा वासून बसलेला. माझे पाय रुंद, कुणाचे उसने बूट होईनात. चव्वेचाळिसाव्या वर्षी घाम गाळून संघात जागा मिळवलेली मी, कडेला बसून पाण्याच्या बाटल्या राखल्या. आम्ही हरलो. घरी आल्यावर हे म्हणाले, "जाऊ दे गं, खेळच तर आहे." तो राग मी अजून गिळलेला नाही.

मी बूट हिसकावून घेतले आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. सकाळच्या सामन्यातला चिखल बाहेरून वाळून कडक झाला होता. ते बरंच असतं, ओला चिखल नुसता फासला जातो. तळाला तळ आपटले तशी गवताच्या मुळांसकट ढेकळं पडली. स्टडच्या मधलं बांबूच्या काडीने उकरलं. नाडी आणि आतला पातळ तळवा काढून वेगळे धुतले. बूट मात्र नळाखाली धरले नाहीत. शिवणीतली माती जुन्या टूथब्रशने काढली आणि ओलसर फडक्याने चामडं पुसून घेतलं.

आतून मात्र ते चिंब होते. पाव गुंडाळायचा कोरा कागद चुरगाळून आत भरला. वर्तमानपत्राची शाई लागते. कागद ठासला तर बूट फुगून आकार जातो, आणि सैल ठेवला तर टोक दबून बसतं. मग नाडीखालच्या जिभा वर ओढल्या आणि दुकानातला टेबलफॅन उचलून आणला.

हे धावत आले. "अगं, पाव निवायचे आहेत त्याच्यावर!"

"आपोआप निवतील. उशिरा भरा पाकिटात."

"गिऱ्हाईक खोळंबेल."

"खोळंबू दे. मी वर्षभर खोळंबले."

दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. "एवढा काय तो बुटांचा लाड! ठेव की भट्टीवर."

"आई, तुमचा मुलगा भट्टीवाला आहे. जास्त आच लावली तर पावाचं काय होतं, विचारा त्याला."

सासूबाईंनी खरंच यांच्याकडे बघितलं.

"वरून करपतो," हे पुटपुटले. "आत कच्चा राहतो."

"बुटाचंही तेच. फॅन इथेच राहणार."

फॅन तिथेच राहिला. दर तासाला मी ओला कागद काढून कोरा भरत होते. संध्याकाळी कागद जरा कमी भिजायला लागला, पण झोपण्याआधीही तो पूर्ण कोरडा निघेना. मला धाकधूक होती, ती मी कुणाला दाखवली नाही.

रविवारी साडेसातला बोट घालून पाहिलं. चामडं मऊ, टाच सरळ, तळ घट्ट. टोकाशी मात्र ओल होती.

"बघ, ओलेच आहेत," हे म्हणाले. "अजून वेळ आहे. दहा मिनिटं फळीवर ठेवतो. नाहीतर जाऊच नकोस, आजारी पडशील. रविवारची गर्दी आहे, मी एकटा कसा पुरणार?"

आता खरं बाहेर आलं.

मी तिथेच पाटावर बसले, आतला तळवा बसवला, नाडी ओवली आणि दोन्ही बूट पायात चढवले. गार लागले. पण पाय अगदी आपल्या जागी बसला, कुठे टोचलं नाही, कुठे दाबलं नाही. मला एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते यांना दिसलं तरी मी पुसलं नाही.

"थोडी ओल आहे, ती पळताना जाईल," मी म्हटलं. "वाकडा बूट पळून सरळ होत नाही."

बूट काढले, नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवले. एरवी मी सामन्याला मागच्या दाराने जायचे, लोक काय म्हणतील म्हणून. त्या दिवशी दुकानातून निघाले. सात-आठ गिऱ्हाइकं रांगेत होती.

"वहिनी कुठे निघाल्या?" कुणीतरी यांना विचारलं.

हे तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "फायनल खेळायला. मला विचारा ना, मी इथेच आहे."