तिरका तंबू

सासऱ्यांनी वर्तमानपत्रासाठी रचलेलं तंबू-झाडांचं कोडं सून नेहमीप्रमाणे आधी सोडवून पाहत होती. प्रत्येक झाडाला लागून त्याचा एक तंबू, आणि दोन तंबू एकमेकांना लागायचे नाहीत म्हणून तंबूच्या आठही बाजूंच्या मोकळ्या चौकटींवर फुली. शेवटच्या झाडाला मात्र एकही चौकट उरली नाही.

"बाबा, याचा तंबू कुठे?"

त्यांनी एका फुलीवर पेन्सिल टेकवली. "हा काय."

"तो वरच्या तंबूला कोपऱ्यात लागतोय."

"तिरका आहे गं. तिरकं कुठे शेजारी असतं?"

नवी नवरी असताना याच चुकीवरून त्यांनी तिला फैलावर घेतलं होतं, "तिरकासुद्धा शेजारीच, सूनबाई."

"माझंच चुकलं, बाबा," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन कोडं नव्याने रचायला बसली.