कापायला काहीतरी हवं

मेल लिहिली तेव्हा मला वाटलं होतं, वाचून दगडालाही पाझर फुटेल. घरमालकाने वाढवलेलं भाडं, आईचे गुडघे, लिनसाहेब नोकरी सोडून गेल्यावर माझ्या गळ्यात पडलेल्या जपानच्या ऑर्डरी, सगळं होतं त्यात. पगार वाढला नाही तर ताइचुंग शहरातली खोली सोडून गावी युनलिनला, बाबांच्या लसणाच्या शेतावर परत जावं लागणार होतं. मला ते अजिबात नको होतं.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या ह्वेइताईंनी डबा खाता खाता ती वाचली.

"पेइचेन, पगार मागतेयस की सांत्वनाला बोलावतेयस? साहेबांना तुझ्या आईचे गुडघे तपासायचेत का?"

त्यांनी असं काही कापलं की उरलं एवढंच: 'आदरणीय मॅनेजरसाहेब, गेल्या जूनपासून माझ्या कामासोबत जपानच्या ऑर्डरीही मी बघते. पॅकिंगच्या कागदांतल्या चुका सहामाहीत नऊवरून दोनवर आल्या. सध्या पगार महिना अडतीस हजार. एप्रिलपासून त्रेचाळीस हजार व्हावा ही विनंती. मला इथे काम करायला आवडतं आणि इथेच राहायचं आहे.'

शेवटचं वाक्य मी हट्टाने ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर ल्याओसाहेबांनी आत बोलावलं. मेल छापून समोर ठेवली होती आणि ते चक्क वैतागले होते.

"हे काय लिहिलंस? मालकांकडे नेऊ कसं?"

"आकडे चुकले का साहेब?"

"चुकले असते तर बरं झालं असतं! मालक काहीतरी कापल्याशिवाय सही करत नाहीत, माहीत आहे ना? पन्नास मागायचे, म्हणजे ते त्रेचाळीस देतात. तू तर नुसतं हाडच आणलंस. आता कापायचं काय?"

मी गोंधळले. खरं मागितलं तर अडचण, खोटं मागितलं तर सोय! "पन्नास लिहू का?" मी विचारलं. ल्याओसाहेबांनी डोकं खाजवलं. "नको. ह्या कामाचा भाव त्रेचाळीसच आहे. तसंच नेतो, बघू."

जेवणाच्या सुट्टीनंतर कागद परत आला. खाली मालकांची सही होती. त्रेचाळीस हजार जसेच्या तसे होते, चुकांचे आकडेही. फक्त शेवटच्या वाक्यावर पेनाची जाड रेघ होती.

"कापलं बघ!" ल्याओसाहेब खूश होते. "म्हणाले, याची गरज नाही. तुझं नशीब, कापायला काहीतरी होतं!"

ह्वेइताईंनी पाठीवर थाप मारली. "पैसे आले ना? मग तोंड का असं?"

खोली टिकली होती. बाबांना फोन करून सांगायचं होतं की मी येत नाही. फोन हातात घेऊन मी बसले आणि त्या रेघेखालचं वाक्य पुन्हा वाचलं. मला इथेच राहायचं आहे. ते अजून खरं होतं का, हेच मला कळेना.