दोन नळांचं पाणी

बाथरूमच्या फरश्या बदलायच्या ठरल्या, तेव्हा सुमेधने नळही बदलायचं काढलं. चंदनसारच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूम एकच. सकाळच्या एका तासात सुमेध, सून अश्लेषा, पहिलीतली नात उन्नती आणि मी, अशा चौघांच्या आंघोळी.

"बाबा, एकाच दांडीचा मिक्सर लावू," सुमेध म्हणाला. "दांडी उचलली की पाणी. डावीकडे गरम, उजवीकडे थंड. दोन नळ पिळत बसायला नको."

"मला दोनच नळ हवेत."

"का पण?"

"सवय आहे."

प्लंबर स्टीवन जवळच्या गास गावचा, माझा जुना विद्यार्थी. तो हसला. "सर, दोन नळांचा हट्ट आता फक्त माझी आई धरते."

मीही हसलो. खरं कारण सांगितलं नाही.

मधुमेहामुळे दोन वर्षांपासून माझे हात बधिर आहेत. हातमोजे घातल्यासारखं वाटतं. गरम-थंड कळत नाही. तरी उन्नतीला आंघोळ मीच घालायचो. तिची आजी गेल्यापासून दिवसभरात माझ्याकडे उरलेलं काम म्हणजे तेवढंच. पाणी सोसवेल इतकंच गरम आहे की नाही हे मला कळत नाही म्हटलं असतं, तर तेही गेलं असतं.

म्हणून मी माप ठरवलं होतं. निळ्या बादलीवर स्टिकर आहे. आधी थंड, स्टिकरच्या खालच्या कडेपर्यंत. मग गरम, वरच्या कडेपर्यंत. गिझरचा काटा पन्नाशीच्या जरा पुढे, त्याला कुणी हात लावायचा नाही. शेवटी पाण्यात हात घालून मी म्हणायचो, "ठीक आहे." उन्नती डोळे मिटून उभी राहायची. ती कधी तपासून बघायची नाही.

मिक्सर बसला. सोमवारी सकाळी सुमेध स्वतः दाखवायला आला. "मध्ये ठेवा बाबा. मध्ये म्हणजे निम्मं-निम्मं."

मी आयुष्यभर अपूर्णांक शिकवले. निम्मं-निम्मं मला पटलं.

दांडी बरोबर मध्ये ठेवून बादली भरली. आत हात घातला. काहीच वाटलं नाही. नेहमीसारखंच.

"ठीक आहे," मी म्हणालो.

उन्नतीने तांब्या घेण्यासाठी बादलीत हात घातला आणि किंचाळली.

अश्लेषा धावत आली. तिने पोरीचा हात थंड पाण्याच्या धारेखाली धरला. मनगटापर्यंत लाल झाला होता. फोड आले नाहीत. वीस मिनिटं धार चालू होती. सुमेधची आंघोळ राहिली, शाळेची बस गेली. मी कोरडा टॉवेल धरून दारात उभा होतो. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

"तुम्ही हात घातला होता ना, बाबा?" अश्लेषाने विचारलं.

"घातला होता."

"मग?"

"मला कळत नाही. दोन वर्षं झाली."

तिने माझी बोटं हातात घेऊन दाबली. ते दिसलं, म्हणून समजलं.

दुपारी स्टीवन आला. मी त्याला विचारलं, "मध्ये ठेवली होती. निम्मं-निम्मं का नाही झालं?"

"दांडी मध्ये असली तरी निम्मं-निम्मं व्हायला पाण्याचा जोर दोन्हीकडे सारखा असावा लागतो, सर. सकाळी वॉशिंग मशीन चालू होतं का?"

"होतं," अश्लेषा म्हणाली.

"ते थंडाच्याच लाइनवर आहे. त्याने पाणी ओढलं की इथे थंड कमी येतं, गरम तेवढंच राहतं. हाताला कळलं तर माणूस दांडी उजवीकडे सरकवतो."

"आणि दोन नळ असते तर? मी बादलीवरच्या खुणेपर्यंत आधी थंड भरायचो."

"थंडाला वेळ लागला असता. पण तुमच्या खुणेपर्यंत भरलंच असतं ना?"

कामावर न गेलेला सुमेध मिक्सरची दांडी हलवून बघत होता. मग म्हणाला, "स्टीवन, हा काढायला भिंत फोडावी लागेल?"

"छे. दोन नट सोडायचे. मागे दोन्ही पॉइंट आहेतच, तिथे साधे नळ बसतात. हा मिक्सर बेसिनलाही चालणार नाही, दुकानात परत करा."

"आंघोळ आता मी घालेन," अश्लेषा म्हणाली. आवाज कठोर नव्हता. मी मान हलवली. याचीच दोन वर्षं भीती होती. ते घडलं, तेव्हा फारसं काही वाटलं नाही.

"आजोबाच घालणार," उन्नती खाटेवरून म्हणाली. हाताला मलम होतं.

"अगं, त्यांना कळत नाही, गरम आहे का ते."

"मला कळतं."

अश्लेषा माझ्याकडे बघत राहिली. "आधी थंड," मी म्हणालो. "मग गरम. मग उन्नतीने एक बोट बुडवायचं. ती हो म्हणाली तरच तांब्या."

"आणि मी दारात उभी राहणार."

"राहा."

संध्याकाळी स्टीवनने दोन साधे नळ बसवले. मंगळवारी थंड पाणी स्टिकरच्या खालच्या कडेला पोचायला फार वेळ लागला. मशीन चालू होतं. बाहेरून सुमेध म्हणाला, "आटपा, साडेसात होतील." आम्ही थांबलो. मग गरम, वरच्या कडेपर्यंत. मी हात घातला नाही.

उन्नतीने डाव्या हाताचं बोट बुडवलं, नीट विचार केला.

"अजून थोडं थंड," ती म्हणाली.

मी उजवा नळ उघडला.